दमट हवेत फुल मॅरेथॉन: अंगातली उष्णता कशी आवरायची, पेस कसा ठेवायचा

जानेवारीत मुंबईची फुल झाली की ग्रुपवर दरवर्षी तेच मेसेज येतात. "वीसपर्यंत मस्त चाललं होतं, तिसाव्यानंतर सगळं संपलं." मग जेल कमी पडले का, मीठ कमी पडलं का, लाँग रन कमी झाले का यावर दोन दिवस चर्चा. पण त्याच लोकांचे स्प्लिट उघडून बघा, पहिले दहा किलोमीटर ठरवलेल्या पेसपेक्षा पंधरा-वीस सेकंद फास्ट असतात, कारण पहाटे गार वाटतं, गर्दीचा जोश असतो, आणि डोक्यात एकच विचार असतो की ऊन यायच्या आत जेवढं अंतर मारता येईल तेवढं मारून घेऊ. नेमकं इथेच चुकतं. पुढे जे लिहिलंय ते क्रमाने करायचं आहे, आणि यातलं अर्धं काम रेसच्या दोन आठवडे आधीचं आहे.

## आधी एवढा हिशोब समजून घ्या

पळताना साधारण दर किलोमीटरला दर किलो वजनामागे १ कॅलरी (म्हणजे आपण जेवणाच्या मोजतो ती) खर्च होते. ७० किलोचा रनर ६:२४ च्या पेसने, म्हणजे ४:३० च्या फुलच्या पेसने पळतोय असं धरा. तासाला साडेनऊ किलोमीटरच्या जवळपास, म्हणजे साधारण ६५० कॅलरी. त्यातला पाव भागसुद्धा पुढे जायला धड लागत नाही, उरलेली पाऊणएक, म्हणजे ५०० च्या आसपास, निव्वळ उष्णता होऊन अंगात राहते. ७० किलोच्या शरीराचं तापमान १ अंशाने वाढायला ६० कॅलरीसुद्धा पुरतात. म्हणजे उष्णता बाहेर पडलीच नाही तर दर सात मिनिटांना एक अंश चढेल.

तसं होत नाही कारण घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर ५८० कॅलरीच्या आसपास उष्णता जाते. पण यात "वाळला तर" हे महत्त्वाचं आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, कोपरावरून टपटप गळतो, आणि गळलेल्या घामाने पाणी जातं, मीठ जातं, उष्णता मात्र जवळपास तशीच राहते.

आता हाच रनर जोशात ६:२४ ऐवजी ५:५० ने पळाला तर तासाला पन्नासएक कॅलरी उष्णता जास्त तयार होते. आकडा छोटा वाटतो, पण हवा आधीच दमट असेल आणि शरीर जेवढी बाहेर टाकू शकतं तेवढी आधीच टाकत असेल, तर ही पन्नास कॅलरी आतच साठते, आणि तासाभरात जवळजवळ एक अंश वाढतो. मॅरेथॉनमध्ये आतलं तापमान ३८.५ ते ३९.५ जाणं नॉर्मल आहे. म्हणजे तुमच्याकडे शिल्लक एखाद-दुसराच अंश असतो, आणि तो पहिल्या दहा किलोमीटरमध्ये उडवायचा नाही.

म्हणून या लेखात पेसला पहिला मान आहे, पाणी ओतणं आणि बर्फ हे त्याच्या मागून. गॅस मोठा ठेवून भांड्यावर पाणी शिंपडत बसण्यात अर्थ नाही.

## टप्पा १: दोन आठवडे आधी, अंगाला उष्णतेची सवय

पुणे-नाशिकवाल्यांनी हे नीट वाचा. डिसेंबरात आपण पहाटे साडेपाचला १०-१२ डिग्रीत लाँग रन मारतो, एकदम हलकं वाटतं, त्या पेसवर टार्गेट ठरवतो, आणि मुंबईत शेवटचे दहा-बारा किलोमीटर २७-२८ डिग्रीच्या उन्हात समुद्राच्या दमट हवेत पळतो. अंगाला याची ओळखच नसते.

सवय लागायला १० ते १४ दिवस लागतात. त्यात रक्तातलं पाण्याचं प्रमाण वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो, आणि त्यातलं मीठ कमी होतं. करायचं काय, तर शेवटच्या दोन आठवड्यांत आठवड्यातले चार-पाच सोपे रन पहाटेऐवजी नऊ-दहाच्या उन्हात करा, ४५ मिनिटं ते एक तास, पेस न बघता. ऑफिसमुळे जमत नसेल तर पहाटेच्याच रनवर लांब बाह्यांचं जॅकेट चढवा. तिसरा मार्ग म्हणजे रन झाल्या झाल्या गरम पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बसणं, पाणी ४० डिग्रीच्या आसपास, सुरुवातीला १५-२० मिनिटं आणि हळूहळू अर्ध्या तासावर. घरात टब नसतो बहुतेकांच्या, त्यामुळे पहिले दोन मार्गच खरे.

जपून: गरम पाण्यातून झटकन उठू नका, चक्कर येते. घरात कोणी नसताना हे करू नका. बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

तपासा: पहिल्या आणि दहाव्या दिवशी त्याच रूटवर, त्याच वेळी, त्याच पेसने पळा. हार्ट रेट पाच-दहा ठोक्यांनी खाली आलेला दिसला तर सवय लागली. नाही आला तर टार्गेट सरळ कमी करा.

## टप्पा २: घाम मोजा

"किती पाणी प्यायचं" हा प्रश्न ग्रुपवर विचारून उपयोग नाही, प्रत्येकाचा घाम वेगळा. रेससारख्या हवेत एक तास पळा. आधी लघवीला जाऊन कपड्यांशिवाय वजन करा, पळून आल्यावर अंग कोरडं पुसून पुन्हा तसंच करा, मध्ये किती पाणी प्यायलात ते लिहून ठेवा.

उदाहरण: आधी ७०.० किलो, नंतर ६९.४, मध्ये ३०० मिली प्यायलं. गेले ६०० ग्रॅम अधिक ३०० मिली, म्हणजे घाम तासाला ९०० मिली.

आता हे ९०० च्या ९०० परत प्यायचं नाही. पोटात तेवढं मुरत नाही, आणि मुरलं तरी गरज नाही. वजन दोन-अडीच टक्के उतरलेलं चालतं. या रनरला तासाला साधारण ५५० मिली पुरे. पावणेपाच तासांत घाम ४.३ लिटर, पाणी २.६ लिटर, तूट १.७, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आतच.

जपून: पावणेपाच-सहा तास लावणारे रनर प्रत्येक स्टेशनला थांबून भरपूर पितात आणि घाम मात्र कमी येतो, कारण पेस हळू असतो. अशाने रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, अंगठी घट्ट होते, पुढे गोंधळल्यासारखं होतं. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं आणि अजून पाजतात, त्याने माणसाच्या जिवावर बेततं. इलेक्ट्रॉल घातलं म्हणजे कितीही प्यायलं तरी चालतं असंही नाही, त्यातही मुख्यतः पाणीच असतं.

## टप्पा ३: आदल्या दिवशी टार्गेट बदला

वेदर ॲपमध्ये सगळे ह्युमिडिटीचा टक्का बघतात आणि घाबरतात किंवा निश्चिंत होतात, दोन्ही चूक. पहाटे १९ डिग्रीला ८५ टक्के असेल तर त्या हवेत जेवढी वाफ असते, त्यापेक्षा जास्त वाफ २९ डिग्रीला ६० टक्के असताना असते. टक्का उतरलेला दिसतो आणि घाम मात्र वाळायचा थांबतो. म्हणून ड्यू पॉइंट बघा, तो सरळ वाफेचंच माप आहे.

मी वापरते तो हिशोब असा, अनुभवातून बसवलेला आहे, तुमच्या घामाप्रमाणे पुढे-मागे करा. ड्यू पॉइंट १५ च्या खाली असेल तर टार्गेट पेस आहे तसा. १५ ते १८ असेल तर किलोमीटरला १०-१५ सेकंद वाढवा. १८ ते २१ असेल तर २० ते ३०. २१ च्या वर असेल तर टायमिंग विसरा, फक्त पूर्ण करायची रेस. आणि तुम्ही नऊनंतरही उन्हात पळत राहणार असाल तर प्रत्येक वेळी यातला वरचा आकडा धरा.

पळायचंच नाही कधी: गेल्या आठवड्यात ताप किंवा जुलाब झाले असतील, रात्रभर बसमध्ये जागून आला असाल आणि अंग कसकसत असेल, तर बिब घरी ठेवा. पैसे गेले, ट्रेनिंग गेलं, सगळं खरं आहे, तरी नाही. आजारपणातून नुकतं उठलेलं शरीर उष्णता आवरण्यात फार कच्चं असतं, हीट स्ट्रोक झालेल्यांमध्ये ही गोष्ट पुन्हा पुन्हा सापडते. पेनकिलर घेऊन उतरू नका, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या कमी पाण्यावर चालणाऱ्या किडनीवर अजून ताण आणतात. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी घामच कमी येतो, रोजची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारून ठेवा.

## टप्पा ४: पेस, पूर्ण उदाहरण

तोच ७० किलोचा रनर. पुण्याच्या थंडीत ४:३० ची तयारी, पेस ६:२४. मुंबईत ड्यू पॉइंट १६. स्टार्ट लाईन ५:१० ला ओलांडली.

पहिले ५ किलोमीटर ६:५० ने. हे सगळ्यात अवघड, कारण सगळे पुढे जात असतात आणि तुम्हाला खूपच हळू वाटतं. वाटू द्या.

५ ते २० किलोमीटर ६:३५ ने. अजून अंधार आहे, मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, तोवर हा रनर अठरा-एकोणीस किलोमीटरवर असतो. अंग हलकं वाटलं तरी ६:३५ च्या खाली जायचं नाही.

२० ते ३० किलोमीटर ६:४० ने. तिसावा संपतो तेव्हा साडेआठ वाजलेले असतात, आणि ऊन आता अंगाला लागायला लागतं.

३० ते शेवट साधारण ६:५०, पण इथे घड्याळातला पेस झाकून फक्त श्वास बघा. बऱ्याच वर्षांच्या रूटमध्ये परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आलाय, त्या चढावर दम धरून छोटी पावलं टाका किंवा सरळ चाला, शंभर-दीडशे मीटर चालल्याने मिनिटही जात नाही आणि उष्णता तयार होणं लगेच कमी होतं. रूट दरवर्षी थोडा बदलतो, आपल्या वर्षीचा नकाशा बघून चढ कितव्या किलोमीटरला आहे ते हातावर लिहा.

सगळं मिळून ४:४३ च्या आसपास, म्हणजे फिनिश दहाच्या थोडं आधी. ४:३० चा हट्ट धरून ६:२० ने निघालेले किती जण तिसाव्यानंतर चालत ५:१५ ला पोचतात ते मी दरवर्षी बघते.

तपासा, दर ५ किलोमीटरला: एक पूर्ण वाक्य मोठ्याने बोला. मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागलं आणि अजून ३० किलोमीटर व्हायचे असतील, तर तुम्ही फास्ट आहात. हार्ट रेट बघत असाल तर त्याच पेसवर तो हळूहळू चढतोच, दहा ठोके चढणं ठीक आहे. लाँग रनला त्या पेसवर १५० असायचा आणि विसाव्या किलोमीटरला १६५ दिसला तर पेस धरून ठेवू नका, हार्ट रेट खाली येईपर्यंत हळू व्हा. मनगटावरचं घड्याळ घामाने भलतंच दाखवतं कधीकधी, म्हणून शंका आली की वाक्य बोलून बघा.

## टप्पा ५: स्टेशनवर काय करायचं, कोणत्या क्रमाने

धावत बाटली उचलायची, दोन घोट, उरलेली फेकायची, ही सवय मोडा. समजा २०० मिलीची बाटली आणि दर दोन किलोमीटरला स्टेशन, म्हणजे या रनरला दर तेरा मिनिटांनी एक. तासाचे ५५० मिली त्याने भागले की प्रत्येक स्टेशनला १२० येतात. तेव्हा अर्ध्याहून थोडी जास्त बाटली प्यायची, उरलेली अंगावर. आधी प्यायची, मग ओतायची.

ओतताना सगळे डोक्यावर ओतून मोकळे होतात. डोक्यावर बरं वाटतं पण जागा केवढीशी. दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत, मान, आणि मांड्यांचा पुढचा भाग ओला करा, जिथे वारा लागतो तिथे पाणी वाळतं आणि उष्णता नेतं. सी लिंकवर वारा असतो, तिथे हे छान काम करतं. बंदिस्त, वारा नसलेल्या भागात तुम्ही आधीच घामाने निथळत असाल तर कोमट पाणी ओतून फारसं काही होत नाही, तिथे गारच पाणी हवं. ओततांना थोडं पुढे वाका. पाणी पोटरीवरून बुटात गेलं की मोजे ओले होतात, आणि पाच किलोमीटरमध्ये टाचेला फोड.

बर्फ मिळाला तर मूठभर टोपीत आणि मूठभर रुमालात बांधून मानेला. हातात धरून पळालात तरी फायदा होतो, तळहातातून बरीच उष्णता जाते. कपडे पातळ, फिक्या रंगाचे, सुती नको, सुती टीशर्ट भिजून अंगाला चिकटतो आणि जड होतो.

जपून: मानेवरचा बर्फ मेंदूला गार वाटवतो, आतलं तापमान जवळपास तेवढंच राहतं. त्यामुळे अचानक तरतरी येते आणि माणूस पेस वाढवतो. बर्फ लावल्यावर पुढचा एक किलोमीटर पेस मुद्दाम तोच ठेवा.

एक मोठी चूक: शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये स्प्रिंट. उष्णता साठून साठून काठावर आलेली असते आणि फिनिश दिसताच लोक सगळी ताकद लावतात, म्हणूनच फिनिश लाईनजवळ कोसळणारे जास्त दिसतात. हाफ आणि १० के पळणाऱ्यांनी तर हे जास्तच लक्षात ठेवा, अंतर कमी म्हणून पेस जास्त, आणि हीट स्ट्रोक तिथेही होतो, हवा फार गरम नसतानाही.

## टप्पा ६: थांबायचं कधी, ओळखायचं कसं

एका रेसमध्ये तिसाव्याच्या पुढे माझ्या शेजारून पळणारा मुलगा मध्येच थांबला आणि वळून उलट्या दिशेने चालायला लागला. मी हात धरला तर दंडावर काटा आलेला, अंग घामाने ओलंचिंब. बिब नंबर विचारला तर बिबकडे बघत राहिला आणि चिडून म्हणाला, "आहे की." मेडिकल टेंटवर कोणीतरी काखेत थर्मामीटर लावला, तो ३७.८ आला, आणि त्याला खुर्चीवर बसवून पाणी द्यायला लागले. नशिबाने तिथे एक डॉक्टर बाई होत्या, त्यांनी थर्मामीटर बाजूला ठेवायला लावला आणि त्याला आडवं करून अंगभर बर्फाच्या पाण्यातले टॉवेल टाकायला सुरुवात केली. वीसएक मिनिटांनी तो स्वतःचं नाव नीट सांगायला लागला.

त्या प्रसंगातून तीन गोष्टी घ्या. घाम येतोय म्हणजे हीट स्ट्रोक नाही, हे चूक आहे, पळताना होणाऱ्या हीट स्ट्रोकमध्ये कातडी बहुतेकदा ओलीच असते. काख, कपाळ, कान यांचं माप भरवशाचं नाही, पळणाऱ्या माणसाची कातडी घामाने गार झालेली असते आणि आत ४१ असू शकतं. खरं माप गुदद्वारातलंच, ते टेंटमधले डॉक्टर घेतील. आणि सगळ्यात पहिली खूण वागण्यातली असते: चिडचिड, भलतंच उत्तर, झोकांड्या, उन्हात थंडी वाजणं, अंगावर काटा.

स्वतःला ऊन असताना थंडी वाजायला लागली किंवा पाय रेषेत पडेनात, तर त्या क्षणी चालायला लागा, सावलीत जा, कोणालातरी सांगा. एकटे पुढे ढकलत नेऊ नका, कारण पुढच्या किलोमीटरला हा निर्णय घ्यायला डोकं जागेवर नसेल.

दुसऱ्या कोणाला झालं तर क्रम असा:

१. सावलीत आडवं करा, व्हॉलंटियरला हाक मारा, जवळ टेंट नसेल तर १०८ ला फोन.

२. गार करायला लगेच सुरुवात, ॲम्ब्युलन्सची वाट न बघता. बर्फाच्या पाण्याचा टब असेल तर गळ्यापर्यंत टबात, डोकं कोणीतरी धरून ठेवायचं. टब नसेल तर टॉवेल, टीशर्ट, जे मिळेल ते बर्फाच्या पाण्यात बुडवून अंगभर टाका आणि दर दोन-तीन मिनिटांनी बदला, कारण ते लगेच गरम होतात. कागदाने, बिबने, कशानेही वारा घाला.

३. फक्त काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवून थांबू नका, त्याने तापमान फार हळू उतरतं. पहिल्या अर्ध्या तासात ते ४० च्या खाली आलं पाहिजे.

४. नीट बोलत नसेल तर तोंडाने पाणी देऊ नका, ठसका लागेल. क्रोसिन वगैरे देऊ नका, हा ताप संसर्गाचा नाही, गोळीने उतरत नाही.

## टप्पा ७: फिनिशनंतर

मेडल घेऊन लगेच उन्हात बसू नका. थांबलात की पायातलं रक्त पायातच राहतं आणि चक्कर येते, म्हणून दहा मिनिटं हळूहळू चाला, सावलीत, ओला टॉवेल मानेवर. फोटो नंतर. तहान असेल तेवढं प्या, लिटरभर एका दमात नको.

घरी किंवा हॉटेलवर पोचलात की पहिलं काम वजन. सकाळपेक्षा वजन वाढलेलं असेल तर तुम्ही रेसभर जास्त प्यायलात, ते वहीत लिहा, आणि डोकं दुखत असेल किंवा उलट्या होत असतील तर पाणी थांबवून सरळ हॉस्पिटल. दोन-अडीच टक्के उतरलं असेल तर हिशोब बरोबर होता. चार टक्क्यांवर उतरलं असेल तर पुढच्या वेळी स्टेशनवरचे १२० मिली १६०-१७० करा. लघवी चहाच्या रंगाची झाली, किंवा पायांचं दुखणं दुसऱ्या दिवशी वाढतच गेलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, हे नुसतं अंग आंबणं नसतं. आणि ज्याला खरंच हीट स्ट्रोक झाला त्याने किमान आठवडाभर काहीच व्यायाम करायचा नाही, नंतर रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणतील तेव्हा गार हवेत वीस मिनिटांपासून पुन्हा सुरुवात करायची.